जैन जेवण वीस मिनिटांत का संपतं: फॉर्मवरची आवड आणि केटररच्या ताटांचा हिशेब

प्रश्न: "जानेवारीत नाशिकला आमच्या संघटनेचं दोन दिवसांचं चर्चासत्र आहे, अडीचशेच्या आसपास लोक. गेल्या वर्षी गुगल फॉर्मवर व्हेज, नॉनव्हेज, जैन असं विचारून आकडे केटररला दिले. तरी जैन जेवण वीस मिनिटांत संपलं आणि साधं व्हेज ढीगभर उरलं. लोक फॉर्म नीट भरत नाहीत का? केटररला नेमका आकडा कसा काढून द्यायचा?"

लोकांनी फॉर्म बहुतेक बरोबरच भरला असणार. घोळ त्याच्या पुढच्या पायरीवर झाला. माणूस काय खातो हे तुम्ही विचारलंत आणि तोच आकडा ताटांचा म्हणून पुढे पाठवलात. केटररला माणसाची आवड नको असते, त्याला हवं असतं की शनिवारी दुपारी एक वाजता कुठल्या टेबलावर किती ताटं लागणार. या दोन आकड्यांच्या मध्ये तीन गोष्टी येतात: त्या जेवणाला तो माणूस हजर असेल का, त्या वारी तो ते खाईल का, आणि त्याच्यासाठी केलेलं दुसरंच कुणी खाऊन जाईल का. तुमचं जैन जेवण या तिसऱ्या गोष्टीने संपवलं.

मी सुरुवातीची काही वर्षं एका केटररकडे हिशेब बघायचो, नंतर आयोजकांच्या बाजूने कामं घ्यायला लागलो, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या खाऊन झाल्या आहेत. खाली सांगतोय ते बुफे आणि फी भरून येणाऱ्या लोकांसाठी. पंगत असेल तर बरंचसं सोपं होतं, कारण वाढपी समोर बघून वाढतो. कार्यक्रम फुकट असेल तर उलट, हजेरीचा काहीच भरवसा नाही आणि माझे आकडे तिथे लागू पडणार नाहीत.

आधी फॉर्म. "व्हेज, नॉनव्हेज, जैन" या तीन पर्यायांत आपल्याकडची निम्मी माणसं अडकतात. माळकरी माणूस कांदा-लसूण खात नाही पण बटाटा चालतो, त्याने काय निवडायचं? तो "व्हेज"वर टिक करतो आणि तुमच्या काउंटरवर उपाशी राहतो. म्हणून मी धर्म किंवा पंथ विचारत नाही, काय चालत नाही ते विचारतो. पर्याय असे: "शाकाहारी, सगळं चालतं"; "शाकाहारी, कांदा-लसूण नको"; "शाकाहारी, कांदा-लसूण आणि कंदमूळ दोन्ही नको"; "मांसाहारही घेतो". याला एकच उत्तर देता येईल असं ठेवायचं, म्हणजे गुगल फॉर्ममध्ये Multiple choice, Checkboxes नाही. चेकबॉक्स ठेवला की एकाच चौकटीत स्वल्पविराम देऊन दोन-तीन उत्तरं येतात आणि मोजणी बिघडते. "इतर" हा पर्यायही तिथे ठेवू नका, नाहीतर "प्युअर व्हेज", "व्हेज ओन्ली", "काहीही चालेल" अशी चाळीस प्रकारची उत्तरं हाताने साफ करत बसावं लागतं.

दुसरा प्रश्न प्रत्येक जेवणाचा वेगळा: शनिवार दुपार, शनिवार रात्र, रविवार सकाळ, रविवार दुपार, यातल्या कशाला असाल? यासाठी Multiple choice grid चांगला, प्रत्येक जेवणाचा वेगळा रकाना मिळतो. मग शनिवार दुपारची जैन ताटं काढायला एवढं पुरतं:

```
=COUNTIFS(D2:D300,"जैन",F2:F300,"हो")
```

यात D मध्ये आहार आणि F मध्ये शनिवार दुपार आहे. फॉर्ममधलं लांब वाक्य मी शीटमध्ये एका शब्दात बदलून घेतो, नाहीतर सूत्रात टायपिंगच्या चुका होतात. मोजायच्या आधी फोन नंबरवर क्रम लावून दुबार नोंदी काढा. ज्यांनी दोनदा भरलाय त्यांचा नंतरचा फॉर्म खरा धरायचा. आणि शेरे वाचा. "आम्ही तिघे आहोत" असं एका फॉर्मच्या शेऱ्यात लिहिणारे गृहस्थ मला दर वर्षी भेटतात.

तिसरा प्रश्न वाराचा. हा बाहेरगावच्या आयोजकांच्या हमखास लक्षात येत नाही. "मांसाहारही घेतो" म्हणणारा माणूस शनिवारी घेईलच असं नाही. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार. म्हणून सरळ विचारा: शनिवारी रात्री मांसाहारी जेवण घेणार का? त्याच दिवसांत एकादशी किंवा चतुर्थी येतेय का हे कॅलेंडरमध्ये बघून उपासाचाही प्रश्न वेगळा टाका. उपास हा आहाराचा प्रकार नाही. मांसाहारी माणसालाही एकादशी असते, त्यामुळे तो पहिल्याच प्रश्नात कोंबला तर माणूस दोनपैकी एकच सांगतो.

आता एक काम आकड्यांसकट सांगतो. शनिवार-रविवारचं चर्चासत्र, त्र्यंबक रोडवरचं एक हॉटेल, २३६ जणांची नोंदणी. रविवारी पौष वद्य एकादशी, म्हणजे त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा. रस्त्याने दिंड्या चाललेल्या, म्हणजे हजेरीवर परिणाम होणार हे आधीच दिसत होतं.

फॉर्म २१० जणांनी भरला. त्यात मांसाहारही घेणारे ८४, सगळं चालणारे शाकाहारी ९३, कांदा-लसूण नको म्हणणारे १०, जैन २१ आणि दोघांना ॲलर्जी. उरलेल्या २६ जणांनी दोन मेसेज आणि एक फोन होऊनही काही सांगितलं नाही.

या गप्प बसलेल्यांचं काय करायचं? बरेच जण त्यांना इतरांच्या प्रमाणात वाटतात: दहा टक्के जैन तर यातलेही दहा टक्के जैन. माझ्या अनुभवात हे चुकतं. ज्याला पथ्य आहे तो फॉर्म भरतोच, कारण न भरल्याचा त्रास त्याने आधी कुठेतरी सोसलेला असतो. गप्प राहतो तो बहुतेक वेळा काहीही चालणारा. म्हणून २६च्या २६ मी साध्या शाकाहारीत धरले. हजेरीसाठी मात्र सगळे धरले नाहीत, साधारण दोन तृतीयांश धरले, म्हणजे १७.

शनिवारी दुपारी "असेन" म्हणणारे १८९ होते, त्यात हे १७ मिळवून २०६. यात "असेन" म्हणून न येणारे आणि "नसेन" म्हणून येणारे असे दोन्ही असतात, पण पैसे भरलेल्या कार्यक्रमाच्या पहिल्या दुपारी ते एकमेकांना बऱ्यापैकी खातात. मग यादीत नसलेली माणसं: स्वयंसेवक, साउंडवाले, व्हिडिओवाला, पाहुण्यांचे ड्रायव्हर. ही २२ होती. ड्रायव्हर विसरले जातात आणि नेमके तेच एक वाजता सगळ्यात आधी येतात, कारण त्यांना दुसरं काम नसतं. एकूण २२८.

आता जैन टेबल. तुमच्यासारखाच धडा मला बऱ्याच वर्षांपूर्वी मिळाला. जैन काउंटर वीस माणसांचा, मुख्य काउंटरवर पन्नास माणसांची रांग. जैन काउंटरवर गरम फुलके, रांग नाही. माणूस बघतो, दोन्हीकडे शाकाहारीच आहे, मग इकडूनच घेऊ. त्यात चूक कुणाचीच नाही, तिथे "जैन" अशी छोटी पाटी होती पण "फक्त" असं कुणी म्हटलं नव्हतं. वीसचं जेवण एक वीसला संपलं. येवल्याहून आलेल्या एका काकांना मी हात जोडून दहा मिनिटं थांबायला सांगितलं, तर त्यांनी पिशवीतून खाकऱ्याचं पाकीट काढलं आणि म्हणाले, "मी फॉर्म भरतो, पण खाकरा सोबत ठेवतो. तुमच्या फॉर्मवर कोण विसंबणार?"

याला दोन उपाय आहेत आणि मी दोन्ही एकत्र वापरतो. पहिला, कूपन. नोंदणीच्या टेबलावर बॅज देतानाच ज्यांनी फॉर्ममध्ये सांगितलंय त्यांना वेगळ्या रंगाचं कूपन, प्रत्येक जेवणाचं एक. जैन टेबल मुख्य रांगेपासून लांब, आणि तिथे वाढायला माणूस उभा. स्वतःच्या हाताने घ्यायची सोय तिथे ठेवायची नाही. याने दुसरी एक गोष्टही साधते: मुख्य काउंटरवरचा डाव या भांड्यात येत नाही. मी डोळ्यांनी बघितलंय, माणूस कांद्याची भाजी घेऊन तोच डाव तसाच शेजारच्या जैन भाजीत बुडवतो. त्यानंतर ती भाजी जैन राहत नाही, मग आकडा कितीही बरोबर असो.

दुसरा उपाय मेनूत आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वेगळ्या करायच्या गोष्टी जितक्या कमी तितकी आकड्याची चूक स्वस्त पडते. आपल्या साध्या जेवणात हे सहज जमतं. साधं वरण हिंग-हळद-गुळाचं, भात, तूप, पोळी, भेंडीची कोरडी भाजी, काकडीची कोशिंबीर, श्रीखंड. हे सगळं मुळातच कांदा-लसूण आणि कंदमूळ सोडून होतं. मग तेच सगळ्यांसाठी करा. रस्साभाजी मात्र लोकांना कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचीच लागते, तिच्या बदल्यात जैन टेबलावर एक वेगळी भाजी. म्हणजे "जैन जेवण किती" हा प्रश्न "जैन रस्साभाजी किती" एवढाच उरतो. आकडा चुकला तरी त्या माणसाच्या ताटात बाकी सगळं असतं.

आचाऱ्याशी हे बोलताना नावाने बोला. "जैन करा" एवढं सांगितलं तर तो कांदा, लसूण, बटाटा सोडतो आणि मठ्ठ्यात आलं घालतो. आलं कंदमूळच. कोशिंबिरीत गाजर किसतो, तेही कंदमूळ. वांगं आणि फ्लॉवर टाळणारेही बरेच असतात, म्हणून त्या टेबलावर मी ते ठेवतच नाही. कांदाभजी ज्या कढईत तळली त्याच तेलात जैन टेबलाचे पापड तळले जातात, हे तर कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. सकाळी पहिला घाणा त्यांचा तळून बाजूला ठेवायचा, एवढंच करायचं असतं.

त्या शनिवारी दुपारी जैन १९ आणि कांदा-लसूण नको म्हणणारे ९ असे २८ हजर असणार होते. दोघांना एकच टेबल, कारण जैन भाजी दुसऱ्यांनाही चालते. मी ३४ची भाजी सांगितली. २२८वर मी एकही वाढवला नाही आणि २८वर सहा वाढवले, हे उलटं वाटेल. पण २२८मध्ये पाच माणसं जास्त आली तर कुणाला कळतही नाही, भाजी थोडी कमी वाढली जाते, भात जास्त जातो. २८मध्ये पाच जास्त आले तर पाच माणसांसमोर भांडं रिकामं असतं. लहान आकड्याला मोठी सूट लागते, मोठ्या आकड्याला जवळजवळ नाही.

मोठ्या आकड्याला सूट नको म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे, आणि तुमचं साधं व्हेज ढीगभर उरलं ते बहुधा याच कारणाने. समजा खरी माणसं २०० आहेत. तुम्ही "असू दे" म्हणून २२० सांगता. केटरर मनात दहा टक्के धरून २४२चा माल भरतो. आचारी हात सैल सोडतो आणि २६५चं शिजवतो. तिघांनीही शहाणपणाच केलेला असतो. म्हणून मी केटररला पहिल्याच बैठकीत सांगतो: मी देतो तो आकडा खरा आहे, मी त्यात काही मिळवलेलं नाही, वरची सूट तुमची, आणि ती किती हे मला सांगा. पाच टक्के म्हणाला तर ठीक. दहा म्हणाला तर आम्ही बोलतो.

रात्रीचं जेवण वेगळ्याच पद्धतीने धरावं लागतं. "असेन" म्हणणारे १८१ होते, पण त्यात ९५ नाशिकचेच. गावातला माणूस फॉर्म भरताना हो म्हणतो आणि सहा वाजता चर्चासत्र संपलं की स्कूटर काढून घरी जातो. मागच्या अनुभवावरून मी ९५चे ७० धरले, बाहेरगावचे ८६ पूर्ण धरले, टीमचे १५. एकूण १७१. यावर माझा स्वतःचाच पूर्ण विश्वास नव्हता, म्हणून रात्रीची कुपनं सकाळी दिलीच नाहीत. चारच्या चहाला चहाच्या टेबलावर ठेवली: जो थांबणार त्याने घ्यावं. साडेचारला १६२ गेली होती. चिकन तोवर आलेलं होतं, ते बदलणार नव्हतं, पण भात आणि पोळ्यांचा अंदाज आचाऱ्याने त्यावर लावला.

चिकनचा हिशेब असा. मांसाहारही घेणारे ८४. शनिवारी रात्री घेणार म्हणाले ५३. त्यातले रात्री थांबणारे ४१. सांगितलं ४५चं. सरळ ८४ सांगितले असते तर निम्मं चिकन उरलं असतं आणि दुसऱ्या दिवशी एकादशी, ते खाणार कोण? इथे उलटी चूकही होते: १७१मधून ४५ वजा करून पनीरची भाजी १२६ची सांगायची. चिकन घेणारा माणूस पनीरही घेतो, चव बघायला का होईना. त्यांची अर्धी ताटं धरून मी शाकाहारी भाजी १५०ची करायला सांगितली.

जैन मंडळींचं रात्रीचं गणित आणखी वेगळं. चौविहार पाळणारा माणूस सूर्यास्तानंतर जेवत नाही, आणि जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासहा-साडेसहाला मावळतो. तुमचा बुफे साडेआठला लागतो. म्हणजे त्याचं ताट तुम्ही मोजलेलं आहे, शिजवलेलं आहे, आणि तो जेवलेला नाही. फॉर्मवर एक ओळ टाकली: रात्रीचं जेवण सूर्यास्ताआधी हवं का? रात्री थांबणाऱ्या १५ जैन मंडळींपैकी ८ जण हो म्हणाले. त्यांच्यासाठी पावणेसहाला शेजारच्या खोलीत पानं वाढली, शेवटच्या सत्रातून ते गुपचूप उठून गेले. रात्रीच्या जैन टेबलावर मग उरलेले ७ आणि कांदा-लसूण नको म्हणणारे ६, असे १३, सांगितले १७. फॉर्ममधला "जैन २१" हा आकडा त्या दिवशी एकाही जेवणाला जसाच्या तसा लागला नाही.

रविवारची एकादशी. उपास ३४ जणांचा. सकाळच्या नाश्त्याला ३४ जणांची साबुदाण्याची खिचडी करण्याची चूक मी आयुष्यात एकदाच केली. मराठी माणसासमोर पोहे आणि खिचडी शेजारी ठेवली तर उपास नसलेलाही आधी खिचडी घेतो, आणि उपासवाला येईपर्यंत तळाशी करपलेले दाणे उरतात. इथे कूपन लावणं मला हास्यास्पद वाटतं, सकाळी आठला कोण कूपन शोधणार. म्हणून त्या सकाळी सगळ्यांनाच खिचडी, पोहे थोडे. दुपारी मात्र फराळ ताटातच वाढून, कुपनावर. दुपारी हजर असणारे उपासवाले २९, ताटं ३३. आणि मुख्य जेवणातून हे २९ वजा करायचे, हे विसरू नका. रविवारी दुपारी एकूण १९० होते, वरण-भात-भाजी १६१ची केली.

फराळाच्या ताटात काय, यावर घराघरांत मतं वेगळी. एकादशीला भगर न खाणारे वारकरी घरांतले लोक आपल्या भागात बरेच आहेत, म्हणून मी एकादशीला भगरीऐवजी राजगिऱ्याची पुरी, बटाट्याची जिऱ्याची भाजी, रताळ्याचा कीस, दही आणि केळं ठेवतो. हळद, मोहरी, हिंग यांतलं काही नको, मीठ सैंधव. हेही आचाऱ्याला नावानिशी सांगायचं. जैन माणसाला हे ताट चालत नाही, बटाटा-रताळं दोन्ही कंदमूळ, तेव्हा जैन आणि उपास ही कुपनं वेगळ्याच रंगांची ठेवा.

ॲलर्जीवाले दोघे आकड्यात धरायचेच नाहीत. त्यांची नावं असतात. एकाला शेंगदाणे, एकाला गहू. शेंगदाण्याचं कूट आपल्या स्वयंपाकात कुठे कुठे जातं ते फॉर्मवरून कळत नाही: कोशिंबिरीत, खिचडीत, वांग्यात, कधी आमटीतही. आणि बाजारातल्या बहुतेक बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे गहू अजिबात न चालणाऱ्याला साधं वरणही बाधू शकतं. या दोघांना मी आदल्या आठवड्यात स्वतः फोन केला, किती गंभीर आहे ते विचारलं आणि शनिवारी सकाळी त्यांची आचाऱ्याशी गाठ घालून दिली. दोघांची ताटं प्रत्येक जेवणाला आतूनच आली, गहू न चालणाऱ्याला वरण फोडणीआधी काढलेलं आणि ज्वारीची भाकरी, तीही वेगळ्या परातीत थापलेली.

केटररला यादी पाठवू नका. अडीचशे नावांची शीट तो उघडणारही नाही. प्रत्येक जेवणाची एक चिठ्ठी, आचारी भिंतीला चिकटवेल अशी. त्या शनिवार दुपारची अशी होती:

शनिवार दुपार, जेवण १:००, एकूण माणसं २२८.
वरण, भात, पोळी, भेंडी, काकडी कोशिंबीर (कुटाशिवाय), श्रीखंड: सगळ्यांसाठी. कांदा, लसूण, आलं, गाजर नाही.
रस्साभाजी: २००.
जैन रस्साभाजी: ३४, वेगळं टेबल, कुपनावर, वाढपी उभा.
आतून येणारी ताटं: २ (शेंगदाणे नको १, गहू नको १).
ड्रायव्हर आणि टीम: १२:३० पासून.

ही चिठ्ठी कधी द्यायची ते केटररच्या खरेदीवर ठरतं. माझा क्रम असा: नोंदणी दहा दिवस आधी बंद, आठवडाभर आधी अंदाज, तीन दिवस आधी पक्का आकडा. तीन दिवस का, तर वाढपी आणि पोळ्यांच्या बायका तेव्हाच सांगाव्या लागतात. भाजी तो आदल्या दिवशी पंचवटीच्या मार्केट यार्डातून उचलतो, चिकन-पनीरही आदल्या दिवशी. मात्र तांदूळ धुवायचा आणि कणीक मळायची ती त्याच सकाळी. म्हणून नोंदणीच्या टेबलावर अकरा वाजता किती बॅज गेले ते मोजून आचाऱ्याला फोन करायचा. त्या शनिवारी १९७ बॅज गेले होते, २०६च्या जागी. भात आणि पोळ्या तेवढ्या कमी केल्या. शेवटी टीमसकट २२१ ताटं झाली आणि जैन टेबलावर २७ कुपनं आली.

आता पैशांचं, कारण बिलाच्या वेळी वाद इथेच होतो. केटरर वापरलेली ताटं मोजतो, आणि बुफेला दुसऱ्या खेपेला नवं ताट घेणारे कितीतरी असतात. एका कामात माझी माणसं २६० आणि बिलावरची ताटं ३०५ झाली होती. आता करारातच लिहून घेतो: किमान किती ताटांचे पैसे नक्की देणार, त्यावरची मोजणी कुपनांवर होणार की ताटांवर, आणि वरच्या ताटांचा दर तोच की वेगळा. किमान आकडा मी माझ्या अंदाजाच्या जरा खाली ठेवतो, २२८ असतील तर २१०. वर लागली तर देऊच, पण न आलेल्या अठरा माणसांचे पैसे भरायला नकोत.

तुमच्याकडे गेल्या वर्षीचा फॉर्म आणि बिल असेल तर या वर्षीचा फॉर्म काढायच्या आधी एक करा. नाशिकचे लोक आणि बाहेरगावचे लोक वेगळे करून बघा, रात्री खरोखर किती थांबले होते. माझे ९५चे ७० हे डॉक्टर आणि इंजिनिअर लोकांवरून आलेले आहेत. तुमच्या संघटनेत कदाचित रात्रीच्या जेवणालाच सगळे येत असतील.